उठाव नसलेल्या मालाचं काय करायचं? एका मेतकुटाच्या पाकिटाचा हिशेब

दुकानात प्रत्येक रॅकवर एखादी वस्तू अशी असते की तिच्यावरची धूळ झटकायला लागते. कधीतरी कोणीतरी विचारतं, म्हणून ती ठेवलेली असते. काढावी तर दोन जुनी गिऱ्हाइकं नाराज होतील, ठेवावी तर जागा अडते. मग कोणीतरी सुचवतं, "चालणाऱ्या मालाबरोबर जोडून टाका, कॉम्बो करा." या तिन्हींपैकी काय करायचं हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. तीन आकडे हाताशी असले की बरंचसं कळतं: नगामागे किती सुटतं, माल किती जागा अडवतो आणि वर्षातून किती वेळा फिरतो. हे आकडे काढणं अवघड नाही. ते चुकीचे वाचले जातात, गडबड तिथे होते.

दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या आसपासचं एक दोनशे चौरस फुटांचं दुकान धरू. मसाले, भाजण्या, पापड, लोणची, सरबतं असा घरगुती माल. खालचे सगळे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे असतील. हिशेबाची रीत तीच राहील. आपली दुबळी वस्तू म्हणजे मेतकुटाचं १०० ग्रॅमचं पाकीट आणि तुलनेसाठी चांगली चालणारी वस्तू म्हणजे उडदाच्या पापडांचं २०० ग्रॅमचं पाकीट.

टक्केवारी बाजूला ठेवा

मेतकूट ६० रुपयांना विकलं जातं आणि ३८ ला पडतं. सुटतात २२ रुपये, म्हणजे जवळपास ३७ टक्के. पापड ८० ला विकला जातो, पडतो ६२ ला, सुटतात १८ रुपये, म्हणजे साडेबावीस टक्के. एवढंच पाहिलं तर मेतकूट हा दुकानातला गुणी माल वाटतो. बरेच दुकानदार इथेच थांबतात आणि "मार्जिन चांगलं आहे, राहू दे" म्हणतात.

आता जागा मोजू. यासाठी टेप घ्या आणि फळीची समोरची लांबी इंचांत मोजा. समोरून दिसणारं एक पाकीट म्हणजे एक ओळ. मेतकुटाच्या तीन ओळी आहेत, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे दीड फूट. पापडाला दोन फूट. मेतकूट महिन्याला २४ पाकिटं जातं, पापड २००.

मेतकुटाचे महिन्याचे २४ गुणिले २२, म्हणजे ५२८ रुपये झाले. पण यातून फेकलेला माल वजा करायचा राहिला. महिन्याला सरासरी दोन पाकिटांची मुदत संपते, म्हणजे खरेदी किमतीने ७६ रुपये गेले. उरले ४५२. दीड फुटांवर वाटले तर फुटामागे साधारण ३०० रुपये. पापडाचे ३६०० रुपये दोन फुटांवर, म्हणजे फुटामागे १८००. टक्केवारीत मागे असलेला पापड जागेच्या हिशेबात सहापट पुढे निघाला.

राहिला तिसरा आकडा. मेतकुटाची दुकानात आणि माळ्यावर मिळून सरासरी ७२ पाकिटं असतात. वर्षाला २८८ विकली जातात. म्हणजे माल वर्षात चार वेळा फिरतो, एक पाकीट सरासरी तीन महिने पडून राहतं. पापडाची सरासरी १०० पाकिटं असतात आणि वर्षाला २४०० जातात, म्हणजे चोवीस फेरे. पापड पंधरा दिवसांत बाहेर पडतो.

हे एक्सेलमध्ये करायचं असेल तर B मध्ये खरेदी किंमत, C मध्ये विक्री किंमत, D मध्ये महिन्याची विक्री, E मध्ये महिन्याला फेकलेले नग, F मध्ये फूट आणि G मध्ये सरासरी साठा लिहा. पहिलं सूत्र फुटामागचं उत्पन्न देतं, दुसरं वर्षाचे फेरे:

```
=((C2-B2)*D2-B2*E2)/F2
=D2*12/G2
```

दोन पथ्यं पाळा. खरेदी आणि विक्री दोन्ही किमती जीएसटी वगळून घ्या. एक करासकट आणि दुसरी कराविना घेतली की मार्जिन खोटं दिसतं. कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला मात्र खरेदीवरचा कर परत मिळत नाही, म्हणून त्याने खरेदी किंमत करासकटच धरायची आणि कंपोझिशनचा कर विक्रीतून वजा करायचा. दुसरं पथ्य म्हणजे एका महिन्याच्या आकड्यावर निकाल देऊ नका. कोकम सरबताला ऑगस्टमधल्या विक्रीवरून आणि उपवासाच्या भाजणीला मे महिन्यातल्या विक्रीवरून दुबळं ठरवणं हा शुद्ध अन्याय आहे. अशा मालाचे बारा महिने बघायचे आणि जागाही हंगामाप्रमाणे कमी-जास्त करायची. मेतकूट त्यातलं नाही, ते बारमाही संथ आहे.

भाड्याचा आकडा कुठे फसवतो

इथे बहुतेक जण आणखी एक पाऊल टाकतात. मुंबईत जागेची किंमत डोळ्यांसमोर असल्यामुळे ते टाकणं साहजिकही आहे. दुकानाचं भाडं ८०,०००, दोन पगार ३६,०००, वीज ६,०००, किरकोळ ४,०००, असा महिन्याचा बांधील खर्च १,२६,००० रुपये. फळ्यांची एकूण लांबी १२० फूट. म्हणजे फुटाला १,०५० रुपये. मेतकूट देतं ३००. लगेच निष्कर्ष निघतो: मेतकूट फुटामागे साडेसातशे रुपये खातंय, काढा.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. मेतकूट काढलं तर घरमालक भाडं कमी करणार नाही आणि पोऱ्याचा पगारही तेवढाच राहील. १,०५० हा आकडा संपूर्ण दुकान तगायला हवं असेल तर सरासरी किती मिळायला पाहिजे एवढंच सांगतो. एका वस्तूच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो: ती काढल्यावर त्या जागेवर जे येईल, ते किती देईल?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "पापड ठेवू, तो फुटाला १८०० देतो." ही दुसरी चूक. १८०० ही पापडाच्या पहिल्या दोन फुटांची सरासरी आहे. ज्यांना पापड हवा होता त्यांना तो त्या दोन फुटांतच मिळत होता. तिसरा फूट दिल्याने मुंबईत पापड खाणारे वाढत नाहीत. जास्त ओळी दिसल्याने काहींच्या नजरेत भरेल, थोडी विक्री वाढेल, बस. फळीवरच्या जागेचा विक्रीवर काय परिणाम होतो यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी अशी निघाली की जागा १० टक्के वाढवली तर विक्री पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढते. वस्तूप्रमाणे हा आकडा बदलतो, आयत्या वेळी उचलल्या जाणाऱ्या मालाचा जास्त, घरातून ठरवून आणल्या जाणाऱ्या मालाचा कमी. पण अंदाज बांधायला तो पुरेसा आहे.

तो लावून बघू. पापडाला दोनाऐवजी तीन फूट दिले, म्हणजे जागा दीडपट. विक्री साधारण सात टक्के वाढेल, २०० ची २१४ होईल. चौदा पाकिटं गुणिले १८, म्हणजे २५२ रुपये. मोकळ्या होणाऱ्या फुटाची खरी किंमत ही आहे, अडीचशे रुपये. अठराशे नव्हे.

याला एक अपवाद आहे आणि तो पडताळून बघण्यासारखा आहे. शनिवारी संध्याकाळी पापडाची फळी रिकामी पडते का? माळ्यावरून माल उतरवेपर्यंत गिऱ्हाईक "नाहीये वाटतं" म्हणून पुढे जातं का? तसं असेल तर तिथे खरी तूट आहे आणि जादा फूट भरपूर देईल. एक आठवडा रोज रात्री दुकान बंद करताना कोणत्या ओळी रिकाम्या आहेत ते वहीत लिहून ठेवा. अंदाजापेक्षा ही वही खरं सांगते.

आधी ओळी कमी करा

मेतकूट दुबळं आहे हे कळलं. पण ते मुळात दुबळं आहे की त्याला दुबळं केलं गेलंय, हे तपासायचं राहिलं. ७२ पाकिटांचा साठा कशामुळे? खेप बघितली की उत्तर मिळतं. पुरवठादार एकदम १२० पाकिटं घेतली तर ३८ ने देतो, चोवीसच घेतली तर ४० ने. दुकानदाराने स्वस्त म्हणून १२० घेतली. महिन्याला २४ जाणाऱ्या मालाची ती पाच महिन्यांची बेगमी झाली. पाकिटाची मुदत सहा महिने, त्यातला एक महिना माल दुकानात येईपर्यंतच संपलेला. शेवटच्या महिन्यात आलेलं गिऱ्हाईक मागची तारीख वाचतं आणि पाकीट परत ठेवतं. वर मुंबईचा पावसाळा. डाळी भाजून दळलेलं पीठ दमट हवेत गुठळ्या धरतं, भाजलेला वास उतरतो. म्हणून प्रत्येक खेपेतली दहाएक पाकिटं कचऱ्यात जातात.

स्वस्तात घेतल्याने महिन्याला वाचले २४ गुणिले २, म्हणजे ४८ रुपये. फेकण्यात गेले ७६. शिवाय एवढा माल ठेवायचा कुठे म्हणून फळीवर तीन ओळी भरल्या गेल्या. जागा मागणीने ठरली नाही, खोक्याच्या आकाराने ठरली. दुबळ्या मालाच्या बाबतीत हे फार वेळा आढळतं आणि फार थोडे लोक तपासतात.

म्हणून पहिला उपाय काढणं नाही, आक्रसणं. तीन ओळींची एक ओळ करा, म्हणजे अर्धा फूट. फळी पंधरा इंच खोल असली तर एका ओळीत मागे-पुढे बारा आणि दोन थरांत चोवीस पाकिटं आरामात बसतात. खेप चोवीसची करा, चाळीसने घ्या. जागा एक तृतीयांश झाली की वरच्याच नियमाने विक्री २४ वरून २० च्या आसपास येईल. मेतकूट घ्यायला येणारा बहुतेक ठरवूनच आलेला असतो, तो एका ओळीतूनही शोधतो.

नवा हिशेब असा. नगामागे आता २० रुपये, महिन्याला २० पाकिटं, म्हणजे ४०० रुपये. फेकणं जवळपास शून्य. फुटामागे ८००. साठा सरासरी १८ पाकिटांवर आला, फेरे चाराऐवजी तेरा झाले. मेतकुटात अडकलेले २,७३६ रुपये ७२० वर आले, म्हणजे दोन हजार रुपये मोकळे झाले. मेतकुटातून महिन्याला ५२ रुपये कमी आले खरे, पण सुटलेला एक फूट पापडाला दिला तर २५२ आले.

आता पूर्ण काढायचं का ते बघू. उरलेला अर्धा फूटही पापडाला दिला तर साडेतीन फुटांवर पापडाची विक्री आणखी पाच-सहा पाकिटांनी वाढेल, म्हणजे शंभर रुपये. मेतकुटाचे ४०० जातील आणि शंभर येतील. तेव्हा या दुकानात मेतकूट काढू नये, एका ओळीत ठेवावं. काढायचं असेल तर त्या अर्ध्या फुटात चारशेहून जास्त देणारी, दुकानात आज नसलेली वस्तू हातात असली पाहिजे.

कोणती फळी दिली हेही बघावं लागतं. छाती ते डोळ्यांच्या उंचीची फळी दर्शनी. संथ माल तिथे नको. पण दुबळ्या मालाला सरसकट तळाची फळी देणंही बरं नाही. हिंदमातासारख्या सखल भागात जूनपासून तळाची फळी पाण्याच्या भीतीने तशीही रिकामी करावी लागते आणि एकदा माळ्यावर गेलेला संथ माल दिवाळीच्या साफसफाईलाच खाली येतो. डोक्याच्या वरची, हात उंचावून पोचणारी फळी मेतकुटाला योग्य.

काढायचं कधी

काढायचा माल वेगळा ओळखू येतो: तो गेला तरी गिऱ्हाईक दुकानातच दुसरं काहीतरी घेतं. याच दुकानात थालीपीठ भाजणी तीन गृहउद्योगांची आहे. तिसरीची महिन्याला पंधरा पाकिटं जातात, नगामागे १८ रुपये, म्हणजे २७० रुपये, आणि ती पाऊण फूट अडवते. ती काढली तर पंधरातले किती जण उरलेल्या दोनपैकी एक घेतील? हे विचारून कळत नाही, लोक तोंडावर भलतंच सांगतात. दोन आठवडे ती भाजणी आत ठेवून द्या. बाकीच्या दोन भाजण्यांची विक्री किती वाढली ते बघा, आणि नाव घेऊन मागणारा प्रत्येक माणूस गल्ल्याजवळच्या कागदावर एका रेघेने टिपा. महिन्याच्या मानाने अकरा जण वळले आणि त्यांच्यामागे २० रुपये सुटले, तर २७० पैकी २२० परत आले. पन्नास रुपयांसाठी पाऊण फूट अडवलेला होता. ही भाजणी खुशाल काढा.

मेतकुटाला असा पर्याय दुकानात नाही. डांगराचं पीठ शेजारी असलं तरी मऊ भातावर मेतकूट मागणारा डांगर घेऊन जात नाही. अशा वस्तूसाठी आणखी एक गोष्ट तपासायची: ती कोणाच्या बिलात असते? बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून महिन्याची मेतकूट असलेली बिलं काढा आणि बाकी काय घेतलं ते बघा. वीसपैकी बारा बिलं पाचशेच्या वरची निघाली, त्यात गोडा मसाला, भाजणी, पापड सगळं असलं, तर हे महिन्याचं सामान भरणारं घर आहे. त्यांना मेतकुटासाठी दुसऱ्या दुकानात जावं लागलं तर यादीतलं बाकीचंही ते तिथूनच घेऊ शकतात. याउलट बहुतेक बिलांत एकटं मेतकूटच असेल तर काढण्याने तेवढंच नुकसान. सॉफ्टवेअर नसेल तर एक शनिवार आणि एक मंगळवार टिपून चालणार नाही, पूर्ण महिना टिपा. महिन्याची पहिली तारीख आणि पंचविसावी तारीख यांची बिलं एकसारखी नसतात.

काढायचं ठरलं की क्रम महत्त्वाचा. आधी खरेदी थांबवा, मग परतीचं विचारा, उरलेलं स्वस्तात काढा, आणि मगच ओळ दुसऱ्याला द्या. पुष्कळदा लोक आधी ओळ देतात आणि उरलेला माल माळ्यावर चढवतात, तो तिथेच संपतो. फेकलेल्या किंवा फुकट वाटलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावं लागतं, म्हणून फेकण्याचा खर्च खरेदी किमतीपेक्षा थोडा जास्तच असतो. "एकावर एक फुकट" मात्र यात येत नाही. मार्च २०१९ च्या परिपत्रकाने ती एका किमतीत दोन वस्तूंची विक्री मानली आहे.

जोडी लावण्याचा हिशेब

आता कॉम्बो. मेतकूट आणि पापड मऊ भाताच्या ताटात एकत्र येतात, त्यामुळे जोडी स्वाभाविक आहे. लसूण चटणीबरोबर मेतकूट बांधलं तर लोक पाकीट फिरवून ठेवून देतील. पण स्वाभाविक जोडी फायद्याची असेलच असं नाही. त्यासाठी गिऱ्हाइकांचे तीन गट करावे लागतात, कारण एकच सवलत तिघांवर तीन वेगळे परिणाम करते.

महिन्याच्या वीस मेतकूटवाल्यांपैकी आठ जण पापडही घेतात. बारा जण मेतकूट घेतात, पापड नाही. दोनशे पापडवाल्यांतले १९२ जण मेतकूट घेत नाहीत. कॉम्बोचा सगळा उद्देश या १९२ मधल्या काहींना मेतकूट घ्यायला लावणं हा आहे. आठ जण तर दोन्ही पूर्ण किमतीत घेतच होते. त्यांना दिलेली सवलत खिशातूनच जाते.

मेतकुटावर ५ टक्के जीएसटी धरला तर गिऱ्हाइकाला ते ६३ ला पडतं. पापडावर जीएसटी नाही, तो ८० ला. दोन्ही मिळून १४३. दुकानदार दोन्ही एका पिशवीत सीलबंद करून १३० ची चिठ्ठी लावतो. त्याचा तोंडी हिशेब असा: मेतकुटाचे २० आणि पापडाचे १८, अडतीस, वजा तेरा सवलत, वजा तीन रुपये पिशवी, बावीस तर सुटतात.

बावीस सुटत नाहीत. वेगवेगळ्या दरांच्या वस्तू एका किमतीत एकत्र विकल्या की जीएसटी कायद्यात त्याला मिश्र पुरवठा म्हणतात आणि त्यातल्या सर्वांत चढ्या दराने पूर्ण किमतीवर कर लागतो. म्हणजे करमुक्त पापडावरही आता ५ टक्के. १३० तून कर काढला की १२३ रुपये ८१ पैसे उरतात. माल १०२ चा, पिशवी तीनची. हातात १९ रुपयेही पूर्ण येत नाहीत. पापडाबरोबर १८ टक्क्यांची वस्तू बांधली असती तर आणखी मोठा खड्डा पडला असता. शिवाय असं वेष्टन स्वतः करून किंमत लावली की वजन-मापाच्या नियमांप्रमाणे त्यावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, आतल्या वस्तू, वजनं, कमाल किंमत हे सगळं छापावं लागतं.

१९ रुपये धरून तिन्ही गट बघू. फक्त पापड घेणारा आधी १८ देत होता, आता १९ देतो. फायदा एक रुपया. दोन्ही घेणारा ३८ देत होता, आता १९, तोटा एकोणीस. फक्त मेतकूट घेणारा २० देत होता, आता १९. आठ जणांवरचा १५२ रुपयांचा तोटा भरायला माणशी एक रुपयाने दीडशेहून जास्त पापडवाले वळावे लागतील. पापडवाले आहेतच १९२. कॉम्बो धडाक्यात खपेल, मेतकुटाचा साठा संपेल, दुकानदार खूश होईल आणि महिन्याअखेर गल्ला कमीच भरेल. आणखी एक गोष्ट, कॉम्बोच्या पिशवीला फळीवर स्वतःची ओळ लागते. सुटी पाकिटं तशीच राहिली तर एका दुबळ्या वस्तूच्या दोन जागा झाल्या.

हीच जोडी वेगळ्या तऱ्हेने लावून बघा. पिशवी नाही, चिठ्ठी नाही. मेतकुटाची ओळ पापडाला लागून ठेवा आणि फळीवर कार्ड लावा: "मेतकूट घेतल्यास पापड ५ रुपये कमी." बिलात दोन ओळी, दोन्हींच्या किमती वेगळ्या, सवलत पापडाच्या ओळीत दाखवलेली. एकच किंमत नसल्यामुळे मिश्र पुरवठ्याचा प्रश्न टळतो. तरी पहिलं बिल आपल्या सीएच्या नजरेखालून घाला. दोन्ही मिळून सुटतात २० अधिक १३, तेहेतीस. पापडवाला वळला की फायदा पंधरा रुपये. दोन्ही घेणाऱ्यावर तोटा पाच. आठ जणांचे चाळीस रुपये भरायला तीन नवीन पापडवाले पुरतात. दहा वळले तर महिन्याला ११० रुपये निव्वळ वर.

तेरा रुपयांच्या सवलतीत दीडशे माणसं लागली, पाचच्या सवलतीत तीन. सवलत वाढवली की येणारी गिऱ्हाइकं वाढतात हे खरं, पण प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागचा नफा त्याहून भराभर घटतो आणि जुन्यांवरचा तोटा वाढत जातो. म्हणून सवलतीची सुरुवात नेहमी लहान आकड्यापासून करा. तारखांचंही बघा: जोडीतलं मेतकूट मुदतीच्या टोकावरचं आणि पापड ताजा असेल, तर गिऱ्हाइकाला ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी ते सुट्या मेतकुटाचीही तारीख दोनदा वाचतं. मुदतीला आलेला माल वेगळा, तसं सांगून, स्वस्तात विका.

कार्ड सहा आठवडे राहू द्या आणि मग काढा. कार्ड काढल्यावर पुढच्या महिन्यात मेतकुटाची विक्री वीसच्या खाली गेली तर लोकांनी सवलतीत दोन महिन्यांचं भरून ठेवलं होतं, नवा माणूस कोणी आला नाही. ती पंचवीसवर टिकली तर पाच घरांत मेतकूट नव्याने गेलं. मग खेप चोवीसवरून छत्तीसची करा, ओळ मात्र एकच ठेवा.